मोठ्यांच्या स्पोकन इंग्लिश वर्गाला नाव काय द्यावं? तुमचे अनुभव सांगा

रातराणी: मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचा स्पोकन इंग्लिशचा वर्ग सुरू करते आहे. नोकरदार आहेत, गृहिणी आहेत, एकदोन निवृत्तही. शिकवण्याची तयारी झाली, नावापाशी अडले आहे. ‘झिरो टू हिरो’, ‘चला बोलूया’, ‘इंग्लिशची भीती घालवा’ अशी नावं सुचवली जाताहेत आणि एकही मनाला पटत नाही. नावामुळे वर्गात जावंसं वाटलं किंवा पाऊल मागे घेतलं, असं तुमच्या बाबतीत झालं असेल तर जरूर लिहा.

मालगाडी: मी गोदामात सुपरवायझर आहे. ज्या वर्गाला जायचो त्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव होतं ‘वीक इंग्लिश बेसिक बॅच’. एकदा फोन टेबलावर होता, स्क्रीनवर मेसेज झळकला आणि हाताखालच्या मुलाने तो वाचला. तो काही बोलला नाही, पण त्या दिवशीच मी ग्रुप सोडला आणि मग वर्गही सुटला. शिकवणाऱ्या बाई उत्तम होत्या.

जुना फळा: बरीच वर्षं प्रौढांनाच शिकवतोय. मालगाडींनी नेमकं दुखणं सांगितलं. वर्गाचं नाव पाटीपुरतं राहत नाही. पावतीवर येतं, फोनवर येतं, सर्टिफिकेटवर येतं, ‘कुठे चाललात?’ याच्या उत्तरात येतं. पाटी शिकणारा एकदा वाचतो. बाकीच्या ठिकाणी ते नाव दुसऱ्या कुणीतरी वाचायची शक्यता असते.

म्हणून मी नावं दोन ठेवतो. जाहिरातीत सरळ ‘स्पोकन इंग्लिश, प्रौढांसाठी’, कारण लोक शोधताना हेच शब्द टाकतात. ग्रुपला मात्र फक्त ‘संध्याकाळ 7’. पावतीवर संस्थेचं नाव आणि बॅच क्रमांक. सर्टिफिकेटवर शिकणाऱ्याला आता काय जमतं ते: ‘कामाच्या ठिकाणी इंग्रजी संभाषण’. तिथे ‘बेसिक’ लिहिलं की माणूस ते ऑफिसात दाखवत नाही, घडी घालून कपाटात ठेवतो.

नाव पक्कं करण्याआधी ओळखीच्या दोघातिघांना सांगा, ‘सहकाऱ्याला फोन करून कळवा की मी अमुक वर्गाला चाललोय.’ नाव गाळून ‘जरा काम आहे’ म्हणाले, की नाव बदलायचं.

सीए_होणारच: यात एवढा विचार कशाला? पुढे ‘एक्झिक्युटिव्ह’ किंवा ‘प्रोफेशनल’ लावा. आमच्याकडे हे केल्यावर लाजेचा प्रश्नच मिटला.

जुना फळा: लाज मिटते, हे खरं. पण मग प्रेझेंटेशन शिकायला आलेले लोक पहिल्याच तासाला कंटाळतात, आणि ज्यांना बँकेत दोन वाक्यं बोलायची आहेत ते ‘हे आपल्यासाठी नाही’ म्हणून फिरकतच नाहीत. ‘पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट’चंही तेच, तिथे लोक मुलाखतीची तयारी मागतात.

शेवंती: माझा मुलगा चौथीत आहे, त्याच्यासाठी असा वर्ग आहे का? तो कार्टूनवाल्या वर्गात खूश असतो.

रातराणी: शेवंतीताई, हा वर्ग मोठ्यांचा आहे. पण तुम्ही म्हणता ती कार्टूनं इथेही पाटीवर येतात! पेंटरने मला एबीसीचे ठोकळे आणि हसरा पोपट असलेला नमुना दाखवला. नाव कितीही नीट ठेवलं तरी त्या ठोकळ्यांशेजारी ते बालवाडीचंच वाटेल. ते काढायला सांगितलं आहे.

दुपारची_गाडी: पातळ्यांना युरोप परिषदेच्या 2001 च्या भाषा-पातळ्यांच्या चौकटीतली नावं द्या, ए1 पासून सी2 पर्यंत. बाहेरच्याला काही कळत नाही, त्यामुळे लाजही नाही.

मालगाडी: आमच्याकडे ‘ए वन’ म्हणजे एक नंबर! त्या चौकटीत ती सगळ्यात खालची पायरी ना? ज्याला अजून नाव-गाव सांगायला शिकायचंय तो ‘ए1’ बघून घाबरेल, आणि ज्याला येतं तो थेट तिथे जाऊन बसेल.

आजीची_वही: मला वेगळं वाटतं. साठी उलटल्यावर मी ‘अगदी पहिल्यापासून इंग्रजी’ असं लिहिलेल्या वर्गात गेले, ते त्या शब्दांसाठीच. आधीच्या वर्गात सगळे भराभर बोलायचे आणि मी गप्प बसायचे. ‘स्तर 1’ लिहिलं असतं तर मला काय कळणार, तिथे किती येणं अपेक्षित आहे? हे कुणी वाचलं तर वाचू दे, मला त्याचं काही वाटत नाही. मात्र माझ्या वर्गातल्या तरुण मुलींना वाटायचं. त्या वही उलटी धरून यायच्या.

जुना फळा: आजी, तुमचा मुद्दा मला अजून सुटलेला नाही. ‘पहिल्यापासून’ हे माहितीपत्रकात आत लिहावं, नावात नाही, असं मी करतो. पण पत्रक न उघडणारा माणूस हुकतोच.

रातराणी: सध्या असं ठरवते आहे: पाटीवर ‘स्पोकन इंग्लिश, प्रौढांसाठी’, खाली बारीक अक्षरात ‘सुरुवात पहिल्या वाक्यापासून’. ग्रुपला फक्त वेळ. सर्टिफिकेटचा मजकूर अजून ठरत नाही. गृहिणींसाठी ‘कामाच्या ठिकाणी’ हे शब्द चालणार नाहीत. कुणी वेगळं काही लिहिलं असेल तर कळवा.