उपांशु जप : पुटपुटणे की मौन?

माजघर : ‘उपांशु जप’ या शब्दाचा नेमका अर्थ काय? आमच्याकडे तो मौन जपासाठी वापरतात, मात्र जप करताना ओठ हलत असतात.

पिंपळपान : उपांशु म्हणजे मनातल्या मनात केलेला जप. मनुस्मृतीने त्याला सर्वश्रेष्ठ मानले आहे.

तळटीप : हे अर्धेच बरोबर आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात जपयज्ञ विधियज्ञाच्या, म्हणजे शास्त्रोक्त विधीने केलेल्या यज्ञाच्या, दसपट, उपांशु शंभरपट आणि मानस हजारपट म्हटला आहे. म्हणजे मनातला जप तो मानस आणि उपांशु त्याच्या अलीकडचा. त्यात जीभ व ओठ हलतात, पण शेजारी बसलेल्याला शब्द कळत नाहीत. ‘पुटपुटणे’ हा शब्द जवळचा असला तरी त्याला कुरकुरीचा वास आहे, म्हणून मी तो टाळीन.

शंकासुर : माझा देवावर विश्वास नाही. मला या पटींशी कर्तव्य नाही, पण मग जपाने मन निवते ते कशाने?

तळटीप : बराचसा भाग श्वासाचा असावा. इटलीतील संशोधकांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या एका लहान अभ्यासात लॅटिन ‘आवे मारिया’ आणि ‘ओं मणि पद्मे हूं’ या दोहोंच्या पठणाने श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला होता, तर मोकळ्या बोलण्याने तसे झाले नव्हते. आपल्याकडचा तेराक्षरी मंत्र घ्या. ‘श्रीराम जय राम जय जय राम’ एका संथ उच्छ्वासात म्हणून मग श्वास घेतला, तर एका आवर्तनाला साधारण दहा सेकंद लागतात आणि 108 मण्यांची माळ अठरा मिनिटांत होते. तीच माळ पाच मिनिटांत संपली, तर एका श्वासात तीन-चार मंत्र कोंबले गेले असे समजावे. संख्या भरते, श्वास मात्र मंदावत नाही. अर्थात श्वास ताणूनही धरू नये. गरगरले किंवा धाप लागली, तर लगेच नेहमीसारखा श्वास घ्यावा.

माजघर : सासूबाईंच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मी बाहेर बसून मनात जप करत होते, तेव्हा दोन मण्यांनंतर मन थेट आत सासूबाईंपाशी पोहोचायचे. ओठ हलवू लागल्यावर निदान कुठे चुकले ते लगेच कळत होते.

पिंपळपान : मग माळेच्या टोकाचा मेरुमणी ओलांडला तर चालतो का?

तळटीप : तो ओलांडत नाहीत, तेथून माळ उलटी फिरवतात, पण येथे प्रश्न शब्दाचा आहे.

शंकासुर : मंत्राऐवजी मी सतराचा पाढा तसाच संथ म्हटला तर?

तळटीप : श्वासापुरते चालावे. तरीही पाढ्यात पुढचा आकडा आठवावा लागतो, मंत्रात तसे काही आठवावे लागत नाही, आणि हा फरक मला मोठा वाटतो. श्रद्धावंताला मंत्राच्या अर्थाचाही आधार असतो, तो श्वासाच्या हिशेबात बसवता येत नाही.

माजघर : आणि आपला जप आपल्याच कानांना ऐकू आला, तर तो उपांशु राहतो का?

तळटीप : यावर जाणकारांतही दोन मते आढळतात. काही जण स्वतःला ऐकू येण्याइतका आवाज चालवून घेतात, काहींना तेवढाही मान्य नसतो. माझा कल पहिल्या मताकडे आहे.