कॅल्शियम नॉर्मल, पीटीएच ९००

> बाबांचं डायलिसिस चालू आहे. कॅल्शियम ८.९, फॉस्फरस ६.८, पीटीएच ९००. कॅल्शियम नॉर्मल असताना हाडं का दुखतात?

ते ८.९ बऱ्याच अंशी हाडांतूनच काढलेलं आहे. निकामी मूत्रपिंडं फॉस्फरस पुरेसा बाहेर टाकत नाहीत आणि ड जीवनसत्त्व नीट सक्रिय करत नाहीत. मग कॅल्शियम घसरू नये म्हणून गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी पीटीएच हे संप्रेरक सोडत राहतात, ते हाडांतून कॅल्शियम काढतं आणि हाड झिजतं.

रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम तपासलंत का? तेही वाढलेलं असेल तर झीज बहुधा वेगात आहे. अशा वेळी हाताच्या एक्स-रेत तर्जनीच्या मधल्या पेराची अंगठ्याकडची कड कुरतडल्यासारखी दिसू शकते. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र कृपा करून स्वतःहून वाढवू नका. फॉस्फरस इतका असताना ते रक्तवाहिन्यांत साचायची भीती असते.