मदत हवी आहे: एडिसच्या माद्या पॅराफिल्ममधून रक्त घेत नाहीत

अळीपालक: आमच्या महाविद्यालयाच्या इन्सेक्टरीत एडिस इजिप्तीची छोटी वसाहत आहे, तिची अंडी पावसाळ्यात वस्तीतल्या पाण्याच्या टाक्यांजवळून गोळा केली होती. खोलीचे तापमान 27 अंश आणि आर्द्रता 75 टक्के असते. बोकडाच्या रक्तात हेपारिन मिसळून ते आम्ही काचेच्या फीडरमध्ये भरतो, त्यावर पॅराफिल्म ताणतो आणि भोवतीच्या कप्प्यात गरम पाणी ओततो; तरीही परवा तासाभरात 60 माद्यांपैकी 9 जणींचीच पोटे लाल झाली. डासही फार लहान निघतात. आधी ट्रेमधील पाण्यावर साय धरून अळ्या मेल्या, म्हणून मी माशांचे खाद्य निम्मे केले. आता कोष सातव्या दिवसापासून पंधराव्या दिवसापर्यंत रेंगाळत तयार होतात.

जुनी_पिपेट: खोली 32 अंशांवर न्या, वाढ झपाट्याने होईल. रक्तासाठी पिंजऱ्यात सरळ स्वतःचा हात घालावा. आम्ही तसेच करत असू.

माळरान: आमच्या क्यूलेक्सच्या माद्या दिवा मालवल्यावरच रक्त घेतात. तुम्हीही रात्री अंधारात देऊन पाहावे.

तिसरी_कात: क्यूलेक्सचा नियम इथे लावू नये, कारण एडिस दिवसा चावणारा डास आहे. उष्णतेने वाढ वेगाने होते हे खरे. पण त्याच वेगामुळे डास आणखी लहान निघतात. हात तर अजिबात घालू नका: डेंग्यूचा विषाणू मादीकडून अंड्यांत उतरू शकतो, आणि तुमची अंडी वस्तीतून आलेली आहेत.

एकदा ओतलेले गरम पाणी पाव तासात निवते, त्यामुळे पडद्याचा पृष्ठभाग 37 अंशांच्या आसपास राहत नाही. पाणी पंपाने फिरते ठेवावे, आणि ताणण्याआधी पॅराफिल्म आपल्या हातावर घासावी, म्हणजे त्वचेचा वास लागतो. आदल्या संध्याकाळी साखरेचा बोळा काढावा, पाण्याचा मात्र राहू द्यावा.

एका ट्रेमध्ये अळ्या किती आहेत?

अळीपालक: दोन लिटर पाण्यात साधारण 800.

तिसरी_कात: मग साय धरण्याचे आणि कोष रेंगाळण्याचे मूळ या गर्दीतच आहे. लिटरमागे 200 अळ्या ठेवा. चिमटीने खाद्य टाकू नका, वजन करा. पहिल्या अवस्थेत अगदी थोडे, तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत भरपूर, आणि कालचे शिल्लक दिसत असेल तर आज काहीच नको. तापमापी पाण्यात बुडवून पाहा; बाष्पीभवनामुळे ट्रेमधील पाणी खोलीपेक्षा थंड असते.

अळीपालक: पाणी 24.5 अंश निघाले! पंप जोडल्यावर त्याच पिढीतल्या 60 पैकी 34 माद्यांनी रक्त घेतले, परंतु बऱ्याच जणींनी अंडीच घातली नाहीत.

तिसरी_कात: अर्धपोटी वाढलेल्या लहान मादीला अंड्यांसाठी कधीकधी दुसऱ्यांदा रक्त लागते. तीन-चार दिवसांनी पुन्हा देऊन पाहा. मात्र रक्त तेवढेच कारण आहे की नरही अशक्त निघाले आहेत, हे पुढच्या पिढीच्या मोजणीशिवाय मला सांगता येणार नाही.