प्रतिसाद: रिफंडसाठी आधी ४९९?

> ‘सबस्क्रिप्शन बंद करून २,९९९ परत मिळवून देतो म्हणतात, पण ४९९ आधी भरायचेत. भरू का?’

अजिबात भरू नका. माझ्या मावशीने भरले. दुसऱ्याच दिवशी फोन आला, ‘रिफंड मंजूर झालाय, फक्त १८ टक्के जीएसटीचे ५४० भरा.’ तिथे मी तिला थांबवलं. परत मिळणाऱ्या रकमेवर आधी कर भरून घेतात, असं कुठेच नसतं. शिवाय क्यूआर स्कॅन केल्यावर कंपनीचं नव्हे, कुणा व्यक्तीचं नाव आलं होतं. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन लागतच नाही. तो मागितला की पैसे आपल्याच खात्यातून जाणार.

वर्गणी यूपीआयवरून कापली जात असेल, तर ती तुम्हीच फुकट बंद करू शकता. पैसे कापणाऱ्या यूपीआय अ‍ॅपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ उघडा, ती नोंद रद्द करा आणि स्क्रीनशॉट ठेवा. याने पुढची कपात थांबते, गेलेले पैसे मात्र आपोआप येत नाहीत. त्यासाठी कंपनीला लेखी कळवा. दाद दिली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा, तीही मोफतच आहे. ४९९ भरून झाले असतील, तर आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.