घरातल्या एकाच टॅबवर मुलांना वेगळं लॉगिन द्यावं की ॲप लॉकवर भागवावं?

दोघांची आई: घरात एकच अँड्रॉइड टॅब आहे, मुलगा 11 चा, मुलगी 6 ची. परवा धाकटीने माझ्या ऑफिसच्या ग्रुपवर तीन व्हॉइस मेसेज पाठवले आणि मला संध्याकाळपर्यंत पत्ता नाही. मुलांना वेगळी लॉगिन करू की ॲप लॉक पुरेल? नवरा म्हणतो उगाच पसारा नको.

रात्रपाळी: ताई, ॲप लॉक टाका आणि मोकळ्या व्हा. मी चॅट, मेल, गॅलरी तिन्हीला लॉक लावलाय, दोन वर्षं काही झालं नाही. वेगळ्या लॉगिनने जागा फार खाल्ली जाते, ३२ जीबीचा टॅब असेल तर लगेच भरतो.

सेटिंगवाला बाबा: जागेचं दादा बरोबर बोलताहेत, ॲप एकदाच बसतं पण प्रत्येकाचा डेटा वेगळा साठतो, त्यामुळे डाउनलोड केलेले व्हिडिओ आणि गेम वाढले की जाणवतंच. पण ॲप लॉक फक्त ॲपचं दार बंद करतो. वरून मेसेजची पट्टी उतरते, बऱ्याच टॅबवर तिथूनच उत्तर टाइप करता येतं. शिवाय धाकटीची कार्टून आणि तुमचे व्हिडिओ एकाच खात्यात गेले की दोघींनाही भलतंच दिसायला लागतं.

माझ्याकडे असं आहे: मुख्य लॉगिन माझं, त्याला सहा आकडी पिन. सेटिंगमध्ये users शोधलं की Multiple users सापडतं (कंपनीप्रमाणे नाव बदलतं, काही टॅबमध्ये ही सोयच नसते), तिथे दोन्ही मुलांसाठी वेगळा यूजर केला, त्यात त्यांचं मुलांचं गुगल खातं घातलं आणि वेळेची मर्यादा फॅमिली लिंकवरून माझ्या फोनमधून लावली. आधी तुमच्या लॉगिनमध्ये पोरांचं बोट नोंदवलेलं असेल तर ते काढून टाका, नाहीतर पिनला काही अर्थच उरत नाही.

जुनी शिक्षिका: मला हे पटत नाही. 11 वर्षांच्या मुलाला कुलपं दिसली की तो किल्ली शोधायलाच लागतो. टॅब हॉलमध्ये ठेवा, शेजारी बसा, काय बघतोस ते विचारा. आम्ही आमच्या नातवाला असंच वाढवलं.

सेटिंगवाला बाबा: बाई, शेजारी बसणं हवंच, पण सहा वर्षांची पोर चुकून बटण दाबते त्याला संवाद पुरत नाही. आणि किल्ली शोधतात हे तुम्ही अगदी खरं सांगितलंत, माझ्या थोरल्याने शोधलीच. फॅमिली लिंकमध्ये त्याचा वापर 45 मिनिटं दिसायचा, मी खूश. पण सकाळी 80 टक्के असलेली बॅटरी दुपारी 20 वर, आणि घरात दुसरं कुणी टॅबला हात लावलेला नाही. शेवटी कळलं की वेळ संपली की पठ्ठ्या लॉकस्क्रीनवरच्या माणसाच्या खुणेवर टॅप करून Guest उघडायचा. Guest मध्ये त्याचं खातंच नसतं, मग मर्यादा लागणार कुणाला? वायफाय मात्र सगळ्या यूजरना एकच, त्यामुळे पासवर्डही लागत नाही, ब्राउझर उघडला की सगळं जग समोर.

उपाय सोपा आहे. मुख्य लॉगिनमधून त्याच Multiple users पानावर जाऊन Add users from lock screen बंद करा आणि आधीचा Guest असेल तर काढून टाका. मग टॅब लॉक करून त्या खुणेवर स्वतः टॅप करून बघा, एकदा मुलाच्या लॉगिनमधूनही बघा. Guest अजून दिसत असेल तर काम अर्धवट राहिलंय.

आयपॅडवाली मावशी: माझ्या आयपॅडमध्ये users चं पान कुठेच सापडत नाहीये, कुठलं अपडेट टाकू?

सेटिंगवाला बाबा: मावशी, अपडेटने येणार नाही. घरच्या आयपॅडवर वेगळे यूजर मिळतच नाहीत, ती सोय शाळा-ऑफिसने सांभाळलेल्या आयपॅडसाठी आहे. तुमच्याकडे Screen Time ला वेगळा पासकोड टाका, आणि लहान मुलाच्या हाती देताना Guided Access चालू करा म्हणजे तो एकाच ॲपमध्ये राहतो.

रात्रपाळी: Guest चं मला माहीतच नव्हतं. आत्ता लॉकस्क्रीनवर बघितलं, आहे की तिथे. तरीही दोन पोरांना दोन यूजर कशाला, एकच 'मुलं' नावाचा करा ना.

सेटिंगवाला बाबा: केला होता. 6 च्या मुलीसाठी फक्त परवानगी दिलेल्या साइट ठेवल्या तर थोरल्याचा शाळेचा प्रोजेक्ट अडतो आणि त्याच्यासाठी मोकळं केलं तर तीही तिथेच पोचते. महिन्याभरात वेगळे केले. फक्त एक ध्यानात ठेवा, फॅमिली लिंकची रोजची मर्यादा प्रत्येक डिव्हाइसला वेगळी मोजली जाते, त्यामुळे थोरल्याला जुना फोनही दिला असेल तर एक तासाचे दोन तास होतात.

जुनी शिक्षिका: लहानीसाठी मान्य करते. मोठ्याच्या ब्राउझरवर मात्र मी कुलूप घालणार नाही, काय शोधलं ते त्याने मला येऊन सांगावं.

दोघांची आई: दोन्ही यूजर केले, Guest काढला. लेकाने विचारलंच, "आई, ते पाहुण्याचं कुठे गेलं?" म्हणजे त्याला आधीपासून माहीत होतं. त्याच्या ब्राउझरचं काय करायचं यावर नवऱ्याचं आणि माझं अजून जमत नाहीये.