हशा पिकवणारा शब्द शेवटी
«शब्द कमी केले, तरी विनोद बसत नाही.»

कात्री बहुधा वाक्याच्या सुरुवातीलाच लागते. मराठीत खरी अडगळ शेवटी असते, कारण क्रियापद तिथे येते आणि हशा पिकवणारा शब्द त्याच्या आड दबतो. सहकाऱ्याच्या निरोपसमारंभासाठी मी लिहिले होते : ‘हा इतका काटकसरी आहे की बिल आलं की हात धुवायला जातो, त्यामुळे ऑफिसात सर्वांत स्वच्छ हात याचेच आहेत, म्हणजे बघा!’ तालमीत ‘स्वच्छ’वर आलेले हसू ‘म्हणजे बघा’ने विझले. ‘काटकसरी’ने तर गुपित आधीच फोडले होते. अखेर उरले ते असे : ‘बिल आलं की हा हात धुवायला उठतो. अख्ख्या ऑफिसात याचेच हात सर्वांत स्वच्छ.’ ‘अख्ख्या’ मात्र मुद्दाम घातला. तेवढ्या उसंतीत श्रोत्यांना हॉटेलातले बेसिन दिसते.