हीथ्रोवरून दोन मोठ्या बॅगा आणि ट्यूबचा पहिला प्रवास

हाउन्स्लोकर
सप्टेंबर जवळ आला की तोच प्रश्न पुन्हा येतो: शिकायला येणाऱ्या मुलाने दोन मोठ्या बॅगा घेऊन हीथ्रो विमानतळावरून लंडनच्या मध्यातल्या ब्लूम्सबरी भागातल्या वसतिगृहापर्यंत कसे यावे? उत्तर सोपे आहे. हीथ्रोवर ट्यूबची, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेची, पिकॅडिली लाइन पकडा आणि गाडी न बदलता थेट रसेल स्क्वेअरला उतरा. स्टेशनात लिफ्ट आहे, बॅगा दोन आहेत आणि हातही दोनच आहेत. टॅक्सीवर आईवडिलांचे पैसे उधळणाऱ्या मुलांचे मला नवल वाटते.

ब्लूम्सबरीची मावशी
मी या भागात एकोणीस वर्षे राहते आणि दर सप्टेंबरात ओळखीच्यांची मुले आमच्याकडे उतरतात, म्हणून हे वाचून गप्प बसवले नाही. रसेल स्क्वेअरला लिफ्ट आहे हे खरे, पण ती फलाटापर्यंत पोहोचत नाही. फलाट आणि लिफ्ट यांच्यामध्ये पायऱ्या आहेत. रिकाम्या हाताने जाणाऱ्याच्या त्या लक्षातही येत नाहीत, आणि आपण इतकी वर्षे तिथून जात असाल तर आपल्याही लक्षातून त्या निसटल्या असतील. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा आणि पाठीवर लॅपटॉपची पिशवी असली, की त्याच पायऱ्या पूर्ण प्रवासातला सर्वांत कठीण टप्पा होतात.

सपाट जमिनीवर दोन हातांत दोन बॅगा ढकलता येतात. पायऱ्यांवर मात्र एका वेळी एकच बॅग उचलता येते. म्हणजे पहिली वर नेताना दुसरी खाली राहते आणि दुसरी आणायला उतरले की पहिली वर बेवारस पडते. बेवारस सामान दिसल्यास कर्मचाऱ्यांना सांगा, अशी घोषणा त्याच वेळी डोक्यावर चालू असते. गेल्या वर्षी माझ्या मैत्रिणीचा मुलगा नेमका असाच मध्ये अडकला होता. एका अनोळखी बाईंनी दुसरी बॅग उचलली म्हणून तो सुटला. त्याला पिकॅडिलीने थेट येण्याचा सल्ला मीच दिला होता आणि त्याची खंत मला आजही वाटते.

कऱ्हाडचा अभियंता
मावशींचे म्हणणे मला पटते, आणि म्हणूनच मी सर्वांना हीथ्रोवरून शहरात जाणारी दुसरी रेल्वे, एलिझाबेथ लाइनच सुचवतो. ती 2022 साली सुरू झाली आहे, तिच्या सर्व स्थानकांवर रस्त्यापासून फलाटापर्यंत पायऱ्यांशिवाय जाता येते आणि डबे रुंद आहेत. पिकॅडिली 1977 साली हीथ्रोच्या मध्यवर्ती स्थानकापर्यंत पोहोचली आणि तिच्या गाड्याही त्याच दशकातल्या आहेत. त्यांत सामानाचे रॅक नाहीत. एलिझाबेथमध्ये सामानाचे रॅक आहेत, वेळ बराच कमी लागतो आणि भाड्यात थोडासाच फरक पडतो. मग वाद कशाचा?

ब्लूम्सबरीची मावशी
एलिझाबेथच्या लिफ्टबद्दल आपण बरोबर आहात, पण रॅकची गोष्ट दुसऱ्या गाडीची आहे. रॅक हीथ्रो एक्सप्रेसमध्ये असतात. ती पॅडिंग्टनपर्यंत सुमारे 15 मिनिटांत जाते, पण तिथेच थांबते, आणि पुढे पुन्हा गाडी बदलावी लागते. एलिझाबेथमध्ये बॅगा दाराजवळच्या मोकळ्या जागेत आपल्या गुडघ्यांना टेकवूनच उभ्या कराव्या लागतात. भाड्यातला फरकही थोडासा नाही, कारण शहराच्या मध्यापर्यंतचे एलिझाबेथचे भाडे पिकॅडिलीच्या दुपटीहून अधिक होते. तरीही मी आता तिचीच बाजू घेते. टर्मिनल 2 आणि 3 च्या स्थानकावरून टॉटनहॅम कोर्ट रोड 35 मिनिटांच्या आसपास आहे आणि तिथे लिफ्टने थेट रस्त्यावर येता येते. तिथून रसेल स्क्वेअरच्या वसतिगृहांपर्यंत टॅक्सी घेतली तरी ती अगदी जवळच्या अंतराची असते.

हाउन्स्लोकर
म्हणजे शेवटी टॅक्सी आलीच! मी स्वतः पिकॅडिलीने आलो होतो, तेव्हा एलिझाबेथ नव्हती, फोनवर नकाशे नव्हते आणि घ्यायला कोणी आले नव्हते. माझ्याजवळही दोन बॅगा होत्या. आजच्या मुलांना चार पायऱ्या चढता येत नसतील तर दोष पायऱ्यांचा नाही. दोष बॅगांचा आहे. दोन बॅगा नेण्याची परवानगी आहे म्हणून दोन्ही गच्च भरायच्या, हा हिशेब मला कधीच समजला नाही. कुकर, पोळपाट, पाच किलो पीठ, उशी! हे सर्व इथे हाउन्स्लोच्या दुकानांत मिळते.

नाशिककर आई
माझी मुलगी येत्या महिन्यात प्रथमच निघते आहे आणि तिची बॅग मीच भरते आहे, म्हणून मला हे लागले. आपण ज्याला पोळपाट म्हणता, ते माझ्या मुलीचे परदेशातले पहिल्या आठवड्याचे जेवण आहे. तिला दुकान कुठे आहे हे ठाऊक नसेल, तिचे बँकेचे खाते उघडलेले नसेल आणि थंडी वाजत असेल, त्या दिवशी भाजणीचे थालीपीठ तिच्या ताटात असावे असे मला वाटते. आपल्या आईने आपल्याला काही दिले नव्हते का?

हाउन्स्लोकर
माझ्या आईने मला तुपाचा डबा दिला होता. तो विमानतळावरच टाकावा लागला, कारण भारतातून दूध, तूप, पेढे किंवा कोणताही दुधाचा आणि मांसाचा पदार्थ इथे आणता येत नाही. तिला ते मी आजवर सांगितलेले नाही. कुणाच्या आईविरुद्ध मी बोलत नाही. बॅगेतला प्रत्येक किलो शेवटी मुलालाच उचलावा लागतो, इतकेच माझे म्हणणे आहे.

नाशिककर आई
तुपाचे मला ठाऊक नव्हते. कालच कढवलेले तूप बॅगेतून काढून ठेवते. भाजणी मात्र जाईल.

मिडलँड्सवासी
इतकी चर्चा कशासाठी, ते कळत नाही. विमानतळाच्या मध्यवर्ती बस स्थानकावरून कोच घ्यावा, बॅगा पोटातल्या कप्प्यात जातात आणि आपण निवांत झोपावे. मी बर्मिंगहॅमला असाच आलो होतो. तिकिटाबरोबर सामानाची मर्यादा असते, ती आधी वाचावी, म्हणजे झाले.

कऱ्हाडचा अभियंता
प्रश्न लंडनच्या आतल्या प्रवासाचा आहे. बर्मिंगहॅमला जाणाऱ्यासाठी कोच उत्तमच. लंडनचा कोच मात्र व्हिक्टोरियाला उतरवतो, सकाळच्या वाहतुकीत तो किती वेळ घेईल याचा भरवसा नसतो, आणि तिथून ब्लूम्सबरीपर्यंतचा प्रश्न पुन्हा पहिल्यासारखाच उरतो. रॅकबाबत माझी चूक झाली हे मी मान्य करतो. तरीही वाचवलेल्या पैशांपेक्षा न थकलेले खांदे महत्त्वाचे, हे माझे मत कायम आहे.

नाशिककर आई
वाद राहू द्यावा. माझ्या मुलीचे विमान सकाळी सहाला उतरते. टॅक्सीचे पैसे देण्याची माझी तयारी आहे, पण ती स्वतःच नको म्हणते. तिने नेमके काय करावे, हे कोणी क्रमाने सांगेल का?

ब्लूम्सबरीची मावशी
ताई, मी माझ्या भाचीला सांगितले असते तेच सांगते. सहाला विमान उतरले तरी इमिग्रेशन आणि सामान उरकून बाहेर पडेपर्यंत साडेसात-आठ होतात, आणि ती शहरात पोहोचते ती कामावर जाणाऱ्यांच्या गर्दीत. हीथ्रो हे पिकॅडिलीचे टोक असल्यामुळे चढताना डबा रिकामा असतो आणि मनुष्य निश्चिंत होतो. हॅमरस्मिथ आणि अर्ल्स कोर्टनंतर तोच डबा खच्चून भरतो आणि बॅगांसह दारापर्यंत पोहोचणे अवघड होते. म्हणून तिला घाई नसेल तर तिने विमानतळावरच चहा घेऊन साडेनऊनंतर निघावे. तासाभराने गर्दी ओसरते.

एलिझाबेथ घेतली तर बदल नाही, टॉटनहॅम कोर्ट रोडला लिफ्टने वर यायचे. पिकॅडिलीच घ्यायची असेल तर रसेल स्क्वेअरला उतरू नये, पुढच्याच किंग्ज क्रॉसला उतरावे. तिथे फलाटापासून रस्त्यापर्यंत लिफ्ट आहेत. स्थानकाबाहेरून 91 क्रमांकाची बस उलट दिशेने रसेल स्क्वेअरकडे जाते, तिची पायरी खाली असते आणि पुढच्या बाजूला सामानाला जागा असते. एक स्टेशन पुढे जाऊन मागे येणे विचित्र वाटेल, पण त्या वाटेवर एकही जिना लागत नाही.

तिकिटाच्या फाटकापाशी अरुंद दारातून बॅगा ओढू नयेत, कडेला एक रुंद फाटक असते. ज्या कार्डाने आत शिरली त्याच कार्डाने बाहेर पडावे. फोनमधले कार्ड आणि हातातले कार्ड एकाच खात्याचे असले तरी यंत्र त्यांना दोन वेगळी मानते, आणि मग दोन अपूर्ण प्रवासांचे जास्तीचे पैसे कापले जातात. दोन बॅगा घेऊन सरकत्या जिन्यावर तर मुळीच चढू नये. लिफ्ट शोधायला पाच मिनिटे जास्त लागली तरी चालतील.

हाउन्स्लोकर
यात एक भर घालतो, कारण मी रोज याच गाडीने जातो. चार चाकांच्या बॅगा सपाट जमिनीवर छान पळतात, पण गाडीने ब्रेक लावला की त्या डब्यातून स्वतःच निघतात. माझ्या डोळ्यांसमोर अशी एक बॅग एका आजोबांच्या पायावर आदळली आहे. बॅग आडवी टाकावी, किंवा दोन बॅगा एकमेकींना आणि आसनाच्या कडेला टेकवून मध्ये आपला पाय ठेवावा. दोन चाकांची बॅग उभी केली की हलत नाही, हे घेतानाच लक्षात ठेवावे.

ब्लूम्सबरीची मावशी
हे मात्र मला सुचले नव्हते आणि ते अगदी खरे आहे. उरलेली स्थानके पाहायची असतील तर लंडनच्या वाहतूक संस्थेच्या `TfL Go` या अ‍ॅपमध्ये पायऱ्यांशिवायचा नकाशा मिळतो. चाकाच्या खुर्चीचे चिन्ह निळे असेल तर रस्त्यापासून गाडीच्या दारापर्यंत पायरी नाही. तेच चिन्ह पांढरे असेल तर फक्त फलाटापर्यंत पायरी नाही, पुढे गाडीच्या दारात उंची किंवा फट असू शकते. रसेल स्क्वेअरला यांपैकी एकही चिन्ह नाही. हाउन्स्लोकर, आपणही एकदा तो नकाशा उघडून पाहावा.

हाउन्स्लोकर
पाहिला. रसेल स्क्वेअरबाबत मावशी बरोबर आहेत आणि माझे मूळ वाक्य चूक होते, ते मी मागे घेतो. पण थेट टॅक्सी घेण्याचा सल्ला मी देणार नाही आणि दोन गच्च बॅगांचा तर मुळीच देणार नाही. एकच बॅग असती तर त्या पायऱ्या एका खेपेत चढता आल्या असत्या आणि हा धागा निघालाच नसता.

कऱ्हाडचा अभियंता
दोन बॅगांचे वजन प्रत्येकी पंधरा किलोवर आणले तरी पायऱ्यांवर खेपा दोनच होतात. म्हणून वजनापेक्षा बॅगांची संख्या मोजावी, या मुद्द्यावर मी आपल्या बाजूने आहे. बाकी आपले मत मला मान्य नाही.

नाशिककर आई
मुलीला हे सर्व वाचून दाखवले. ती किंग्ज क्रॉसवरून जाणार म्हणते. एक बॅग कमी करायची का, यावर मात्र आमच्या घरात अजून एकमत नाही. भाजणीचा डबा सध्या टेबलावरच आहे.